पुन: मिरवणुकीच्या पुढे कोण? अण्णा, हो म्हणा

चिटणीस:
मंडळी, परवानगीच्या अर्जात पुढे चालणाऱ्याचं नाव उद्यापर्यंत भरायचंय. काल आम्ही पाचजण अण्णांकडे जाऊन आलो, त्यांनी हसून विषय बदलला. अण्णा, निवृत्तीनंतर आता वेळही आहे. इथेच हो लिहून टाका.

वहिनी:
अण्णा, गेल्या वर्षीच्या फोटोत तुम्ही अर्धेच आलात, त्याचा राग आहे का? फोटो आमच्याकडूनच काढले गेले. मनापासून माफी मागते.

नाना:
गुडघा दुखत असेल तर पट्टा बांधा. मी ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात पूर्ण अंतर चाललो होतो.

अण्णा:
वहिनी, फोटो माझ्या मनातही नाही. नाना, गुडघाही ठीक आहे.

गेल्या वर्षी सिग्नलला थांबलो, हिरवा झाला, मी निघालो. आपल्या तीस रांगा होत्या. पुढची रांग हलल्याचं दिसलं की मागची हलते, त्यात सेकंदभर जातो. म्हणजे शेवटची रांग अर्ध्या मिनिटाने हलली आणि तोवर मी तीस पावलं पुढे गेलो होतो. अंतर भरायला मागची मुलं धावली, आजी-आजोबा राहिले आणि पुन्हा लाल दिवा लागला. वळण घेतल्यावर मी मागे पाहिलं तर निम्मी मिरवणूक पलीकडेच.

पुढच्याने सतत मागे बघायला हवं. माझी मान आता तेवढी वळत नाही आणि ढोलापुढे शिट्टी ऐकू येत नाही. तुम्ही घरी येऊन मान दिलात, तो मी जपून ठेवीन. पण हे काम मला नको. मी शेवटच्या रांगेत चालतो, हातात लाल रुमाल घेऊन. सगळे हलले की वर करीन. तो दिसेपर्यंत पुढच्याने पावलं अर्धीच टाकावीत.

दादा (ढोलपथक):
ढोल मागे न्यायचा विचार असेल तर आधीच सांगतो, जमणार नाही. ताल नीट धरला की सगळे एका वेगात चालतात.

अण्णा:
दादा, ढोलाची जागा तुम्हीच ठरवा. चालणाऱ्यांना ताल धरून ठेवतो हे खरं. पण जो थांबलाय, त्याच्यापुढे जागा झाल्याशिवाय तो तालावरही हलू शकत नाही.

वहिनी:
वळणावरून शेवटचा रुमाल पुढच्याला दिसेल?

अण्णा:
नाही दिसणार. कोपऱ्यावर मध्ये एकजण उभा लागेल. तो कोण, ते ठरायचंय.

नाना:
मी उभा राहतो. पण तासभर उभं राहणं मला चालण्यापेक्षा जड जातं, खुर्ची मिळेल का?

चिटणीस:
नाना, खुर्चीवर बसून गर्दीपलीकडचं दिसणार नाही, दुसरं कुणी सांगा. आणि अण्णा, अर्जात शेवटी चालणाऱ्याचा रकानाच नाही. पुढे कोणाचं नाव घालू?

अण्णा:
पुढे तुमच्या थोरल्या मुलीचं घाला. गेल्या वर्षी मागे वळून बघणारी ती एकटीच होती. तिला विचारून मगच. माझ्यासाठी पुरवणी जोडा, मजकूर लिहून ठेवलाय. संध्याकाळी आणून देतो.