दोन छेद, दोन नाभीय अंतरं

> "१/u च्या अक्षावरून f ९.९ सेमी येतं, १/v वरून १०.४. वहीत कोणतं लिहू?"

आत्ताच एकही नको. बहिर्गोल भिंगाच्या या प्रयोगात u म्हणजे भिंगापासून वस्तूच्या पिनचं अंतर, v म्हणजे प्रतिमेच्या पिनचं, आणि आडव्या अक्षावर १/u, उभ्यावर १/v घेऊन काढलेली रेषा दोन्ही अक्षांना जिथे छेदते त्यावरून नाभीय अंतर f मिळतं. आधी या रेषेचा चढ काढा. तो -१ हवा. तुमच्या छेदांवरून -०.९५ येतोय, म्हणजे रेषा कललीय. माझा संशय v च्या मोजणीवर आहे. समजा स्टँडची खूण आणि पिन सरळ रेषेत नाहीत आणि प्रत्येक v अर्धा सेमी जास्त वाचला गेला. ३० च्या जागी ३०.५ झाल्याने १/v जेमतेम हलतो, पण १५ चे १५.५ झाले की ०.०६७ वरून ०.०६५ वर घसरतो. म्हणून रेषा एकाच टोकाला जास्त खाली येते.

विणायची सुई घ्या, लांबी मोजा, भिंग आणि पिन यांच्यात टेकवा. पट्टीवर अंतर सुईपेक्षा जितकं जास्त दिसेल, तितकं प्रत्येक v मधून वजा करून आलेख पुन्हा काढा. u कडच्या पिनचीही अशीच तपासणी करा.