मदत हवी आहे: आपत्कालीन दिव्यांचा उजेड कागदावर १.१ लक्स, मोजला तर ०.६. शिवाय तीन तासांची बॅटरी दोन तासांत संपते

नवी_डिझायनर
नमस्कार. तीन मजली वसतिगृहाच्या आपत्कालीन प्रकाशयोजनेचं काम माझ्याकडे आहे. मालकाने ईएन १८३८ हे आपत्कालीन प्रकाशयोजनेचं युरोपीय मानक मान्य केलंय. म्हणजे सुटकेच्या मार्गावर, जमिनीवर, किमान १ लक्स उजेड. लोक झोपलेले असणार म्हणून बॅटरी तीन तासांची घेतली.

प्रत्येक मजल्यावर ३६ मीटर लांब, २ मीटर रुंद कॉरिडॉर आहे. फिटिंगची उंची २.८ मीटर आणि दर १२ मीटरवर एक, म्हणजे दोन्ही टोकं धरून चार. प्रत्येकाच्या आत स्वतःची बॅटरी, सगळी महिन्याभरापूर्वीच बसवलेली. सॉफ्टवेअरने दोन फिटिंगच्या मधोमध १.१ लक्स दाखवला होता. काल रात्री मेन बंद करून मोजलं तर तिथे ०.६ मिळाला. शिवाय तळमजल्यावरची तीन फिटिंग दोन तास दहा मिनिटांत विझली, बाकीची तीन तास टिकली. वायरमन म्हणतो माल खराब आहे, पुरवठादार म्हणतो मोजमाप चुकीचं आहे. आता मालक विचारतो, मग सगळं काढून एक मध्यवर्ती बॅटरी का नाही बसवायची?

कुठून सुरुवात करू?

रात्रपाळी
आमच्या रुग्णालयात जनरेटर आहे, लाईट गेली की पंधरा सेकंदांत येतो. तुम्हीही जनरेटर घ्या, या बॅटऱ्यांच्या भानगडीतून सुटाल.

नवी_डिझायनर
जनरेटर इथेही आहे. पण ही फिटिंग लागण्याआधी एकदा नुसता कॉरिडॉरचा एमसीबी पडला तर जनरेटरला पत्ताही लागला नाही, कारण मेन चालूच होती. कॉरिडॉर मात्र काळाकुट्ट. ईएन १८३८ नुसार लागणारा निम्मा उजेड पाच सेकंदांत यायला हवा, म्हणून पंधरा सेकंद चालणार नाहीत.

जुना_हात
ताई, मोजमाप आधी बघू. मीटर कोणता होता? १ लक्सच्या टप्प्यांत दाखवणारा असेल तर ०.६ या आकड्याला अर्थ नाही. शिवाय २०० ल्युमेन, ३०० ल्युमेन असा जो आकडा सॉफ्टवेअरमध्ये घातलात, तो मेनवरचा की बॅटरीवरचा? आणि भिंतींचा रंग कोणता?

नवी_डिझायनर
मीटर ०.०१ लक्सपर्यंत दाखवतो. सेन्सर जमिनीवर ठेवला होता आणि खिडक्या झाकल्या होत्या. २०० ल्युमेन बॅटरीवरचाच. भिंती कंबरेपर्यंत गडद तपकिरी, फरशी काळसर. सॉफ्टवेअरमध्ये छत ७०, भिंती ५०, फरशी २० टक्के परावर्तन असंच राहू दिलं होतं.

जुना_हात
मग गाठ सापडली. या कामात परावर्तन शून्य धरायचं. उद्या भिंत काळी पडेल, कुणी फलक लावेल, आगीत धूर असेल. परत आलेल्या उजेडावर कुणाची सुटका अवलंबून ठेवता येत नाही.

आता हातानेच करून बघा. फिटिंग सरळ खाली सर्वांत जास्त आणि तिरक्या दिशेला कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात कमी होत जाणारा साधा उजेड देतं असं धरू. २०० ल्युमेन भागिले ३.१४, म्हणजे सरळ खाली साधारण ६४ कँडेला तीव्रता. बरोबर खाली जमिनीवर ६४ भागिले २.८ चा वर्ग, म्हणजे ८.२ लक्स. १२ मीटर अंतर असेल तर मधला बिंदू प्रत्येकापासून ६ मीटर दूर. तिथे तिरका कोन आणि लांबी धरून एका फिटिंगचे ०.२६ लक्स पोचतात, दोघांचे मिळून ०.५२. तुमचा मीटर ०.६ दाखवतोय, म्हणजे भिंतींनी जेमतेम ०.०८ ची भर घातली. मोजमाप खोटं नाही, उलट हिशेबाशी जुळतंय.

अंतर ९ मीटर करा. मधला बिंदू ४.५ मीटरवर येतो, एकाचे ०.६४ आणि दोघांचे १.२७ लक्स. धूळ आणि म्हातारपणासाठी ०.८ ने गुणा, १.०२ उरतात. निसटता का होईना, १ च्या वर. आणि ३६ मीटरला ०, ९, १८, २७, ३६ अशी पाच फिटिंग लागतात. मजल्यामागे एकच वाढलं. नाहीतर कॉरिडॉरसाठी लांब दोन्ही बाजूंना उजेड फेकणारी लेन्स घ्या, पण तिचा प्रकाशवितरणाचा आलेख मागूनच.

बॅटरीवाला
तीन फिटिंगच्या बॅटऱ्या बदलून टाका. निकेल-कॅडमियम असेल तर गरम फॉल्स सीलिंगमध्ये मरतेच.

जुना_हात
उष्णतेचं बरोबर आहे, पण नवी बॅटरी महिन्याभरात मरत नाही. एकाच मजल्यावरची, शेजारशेजारची तीनच फिटिंग लवकर विझली, हे वायरिंगचं लक्षण वाटतं. कॉरिडॉरचा स्विच बंद करून फिटिंगवरचा हिरवा चार्जिंग दिवा बघा. तो विझला, तर चार्जरला स्विचच्या पुढची फेज दिलीय. त्याला स्विचच्या आधीची, कायम चालू असलेली फेज लागते. नाहीतर रोज रात्री स्विच बंद केला की फिटिंगला वाटतं मेन गेली. मग ते बॅटरीवर पेटतं आणि चाचणीच्या वेळी अर्धं रिकामं असतं. वसतिगृहातल्या कुणाला विचारा, रात्री दिवे मालवल्यावर ही तीन जळत राहतात का.

नवी_डिझायनर
आत्ताच जाऊन आले. रखवालदार म्हणाला, "हो ताई, ती रोज जळतात, आम्हाला वाटलं रात्रीचे दिवे आहेत." हिरवा दिवाही तिन्हींचा विझतो. वायरमनने जवळच्या स्विचबोर्डातून फेज ओढली होती.

जुना_हात
फेज बदला, मग पूर्ण २४ तास चार्ज होऊ द्या आणि त्यानंतरच तीन तासांची चाचणी घ्या. सगळी एकदम रिकामी करू नका, कारण पुढचे २४ तास इमारत उघडी पडते. एकाआड एक घ्या, खोल्या रिकाम्या असताना.

पॅनेलघर
मालकाच्या प्रश्नावर माझं मत मध्यवर्ती बॅटरीच्या बाजूने. आम्ही ती मोठ्या इमारतीत चालवतो. बॅटरी एका थंड खोलीत राहते. लेड-ॲसिड असली तर तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून थंडावा मोठा फायदा. फिटिंगच्या आतल्या बॅटरीचं आयुष्य चार वर्षं धरतात, मध्यवर्तीचं दहा. शिडी घेऊन छताखाली हिंडावं लागत नाही.

जुना_हात
खरं आहे. पण बॅटरीपासून फिटिंगपर्यंतची प्रत्येक केबल आगीत टिकणारी घ्यावी लागते आणि शेजारची फिटिंग दोन वेगळ्या सर्किटवर आलटून पालटून द्यावी लागतात. नाहीतर एक केबल जळली की पूर्ण मजला अंधारात. आणि पॅनेलने प्रत्येक मजल्याच्या दिव्यांच्या सर्किटवर नजर ठेवायला हवी, नाहीतर ताईंनी सांगितलेला एमसीबीवाला प्रकार तिथेही होईल. तीन मजल्यांना, तयार इमारतीत छतं फोडून, मी ते करणार नाही. स्वतःची चाचणी स्वतः घेणारी फिटिंग घ्या.

पॅनेलघर
स्वतः चाचणी घेतात, पण लाल दिवा लागला तर बघणारा माणूस हवा. या रखवालदाराने महिनाभर जळते दिवे पाहिले आणि काही सांगितलं नाही.

नवी_डिझायनर
तीन दिवसांनी कळवते आहे. फेज बदलली, २४ तास चार्ज केलं, काल चाचणी झाली. दोन फिटिंग तीन तास टिकली, तिसरं दोन तास चाळीस मिनिटांना विझलं. त्याच्यावरून गरम पाण्याचा पाईप जातो, म्हणून त्याची जागा सरकवतेय आणि बॅटरीही बदलतेय. ९ मीटरचा नकाशा मालकाकडे गेलाय. मध्यवर्ती की स्वतंत्र, यावर तो अजून अडून आहे. आगरोधक केबलसाठी छत किती ठिकाणी फोडावं लागेल, ते आता मोजायला घेतलंय.