'प्रयोग फसला' की 'निकाल नकारात्मक'? सरांना मुदतवाढीचा मेल

पानगळ: एमएस्सीचं प्रॅक्टिकल आहे, डीएनए वाढवायला पीसीआर केलं आणि जेलवर काहीच नाही आलं. रिपोर्ट बुधवारी द्यायचाय, मशीन परत गुरुवारी मिळणार, म्हणून सोमवारपर्यंत वेळ मागायचाय. सर मराठीत मेल चालेल म्हणतात. मी लिहिलंय, "सर, माझा प्रयोग फसला आहे, कृपया मला एक्स्टेन्शन द्या." हे उद्धट वाटतं का? आणि फसलाच्या जागी काय लिहू?

ओलीमाती: 'फसला' नको, ते केक फसला, बेत फसला असं वाटतं. सरळ लिही "प्रयोगाचा निकाल नकारात्मक आला", शास्त्रीय शब्द आहे आणि तुझा दोषही दिसत नाही.

जुनाखडू: फसला बोलण्यातलं आहे हे बरोबर, पण नकारात्मक लिहिलंत तर अर्थच बदलेल. पानगळ, लॅडर दिसली का? आणि पॉझिटिव्ह कंट्रोलची पट्टी आली का?

पानगळ: लॅडर छान दिसली. कंट्रोलची लेन पण कोरी.

जुनाखडू: मग बघा, लॅडर हा तुलनेसाठी घातलेला तयार डीएनए, तो दिसला म्हणजे जेल आणि स्टेन ठीक होतं, गडबड त्याच्या आधी पीसीआरमध्येच झाली. ज्या नळीत डीएनए नक्की वाढायलाच हवा होता तीही कोरी, म्हणजे रिअ‍ॅक्शन चाललीच नाही. नकारात्मक निकाल म्हणजे प्रयोग नीट झाला आणि उत्तर 'नाही' आलं. तुमच्याकडे उत्तरच आलेलं नाही. नकारात्मक लिहिलंत तर सर म्हणतील मग तोच निकाल रिपोर्टमध्ये लिहा की, वेळ कशाला हवाय, आणि ते बरोबरच असेल. "रिअ‍ॅक्शन झाली नाही, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही" एवढं लिहा.

ओलीमाती: हां, कंट्रोलचं मला माहीत नव्हतं. मग नकारात्मक मागे घेते. पण 'अयशस्वी' चालेल ना?

जुनाखडू: चालेल की. 'निष्फळ' मात्र नको, ते प्रयत्नांना, बोलण्यांना लागतं.

काठावरचा: माझ्या भावाची एटीकेटी होती तेव्हा अर्ज प्राचार्यांच्या नावानेच द्यावा लागला होता, विभागप्रमुखांची सही घेऊन. मेल कोणी वाचत नाही, छापील द्या.

पानगळ: दादा ते परीक्षेचं, हा फक्त रिपोर्ट आहे, सरांनाच द्यायचाय. जुनाखडू, आज कारण सापडलं. आमच्या किटमधल्या बफरमध्ये मॅग्नेशियम नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडची नळी वेगळी असते, आणि मास्टर मिक्स मी बनवलं त्यात ते घातलंच नाही. सगळ्या नळ्या त्याच मिक्सच्या. हे लिहू का?

जुनाखडू: लिहा. मॅग्नेशियमशिवाय टॅक पॉलिमरेज काम करत नाही, त्यामुळे कंट्रोलसकट सगळं कोरं का आलं ते एका वाक्यात कळतं, आणि गुरुवारी काय बदलणार तेही कळतं. फक्त लिहिताना "राहून गेलं" घ्या. "घातलं नाही" म्हटलं तर मुद्दाम केल्यासारखं वाटतं, "घातलं गेलं नाही" म्हटलं तर कोणी घातलं नाही ते लपवल्यासारखं. "माझ्याकडून राहून गेलं" यात चूक आपलीच आहे हे येतं आणि मुद्दाम नव्हती हेही येतं.

ओलीमाती: आणि "द्या" पण बदल. कृपया लावलं तरी "द्या" हा आदेशच राहतो. "मुदत वाढवून मिळावी" असं लिहिलं की देणं न देणं सरांच्या हातात राहतं. 'सवलत' लिहू नकोस, सवलत म्हणजे नियमातून सूट, तुला फक्त दिवस वाढवून हवेत.

पानगळ: हे लिहिलंय:

"आदरणीय सर, मंगळवारच्या पीसीआरमध्ये मास्टर मिक्स बनवताना मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं माझ्याकडून राहून गेलं. लॅडर दिसली, पण पॉझिटिव्ह कंट्रोलसह एकाही लेनमध्ये पट्टी आली नाही, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. जेलचा फोटो सोबत जोडला आहे. गुरुवारी सकाळी मशीन मिळणार आहे, तेव्हा प्रयोग पुन्हा करून त्याच दिवशी जेल चालवेन. तरी रिपोर्ट देण्यासाठी सोमवारपर्यंत मुदत वाढवून मिळावी, ही विनंती."

जुनाखडू: झकास. फक्त पहिल्या वाक्यात 'घालायचं' आहे आणि शेवटी 'ही विनंती', एवढ्या औपचारिक मेलमध्ये 'घालायचे' करा.

ओलीमाती: मला नाही पटत, सर स्वतः वर्गात 'घालायचं' असंच बोलतात ना, मग मेलमध्ये अनुस्वार का खटकावा? उलट 'आदरणीय' जड वाटतंय, नुसतं 'सर' पुरे.

जुनाखडू: बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. 'आदरणीय' माझ्या मते राहू दे.

पानगळ: 'घालायचे' केलं, आदरणीय ठेवलं, पाठवला. मॅग्नेशियमच्या नळीवर मार्करने मोठी खूण करून ठेवलीये.