स्वारगेट–कात्रज शेअर रिक्षा: कुठे उभं राहायचं, कुठे उतरायचं? तुमचे अनुभव लिहा

आमच्याकडे नवीन भाडेकरू आलेत, त्यांना रोज स्वारगेटहून बालाजीनगरला यायचंय. अंतर थोडं, पण नेमकं कुठे उतरायचं यात नवखा माणूस गडबडतो. रोज जाणाऱ्यांनी सविस्तर लिहा.

सातारारोडकर: सगळा प्रश्न शंकर महाराज मठाजवळच्या उड्डाणपुलाचा आहे. बालाजीनगर पुलाखाली येतं. रिक्षात सगळ्या सीट कात्रजच्या असल्या की रिक्षावाला सरळ पुलावर चढतो, मग वाटेत थांबत नाही. म्हणून बसण्याआधीच विचारायचं, "काका, पुलावरून की खालून?" वरून म्हणाला तर ती रिक्षा सोडा, पुढची बघा. बसल्यावर कळलं तर पद्मावती गेल्यावर लगेच आवाज द्या आणि पूल सुरू होण्याआधी उतरा. तिथून थोडं चालावं लागतं, पण कात्रजहून उलटं येण्यापेक्षा बरं.

निनाद_प: एवढं काही नाही हो. बस स्टॉपवर उभे राहा, रिक्षा येतेच.

सातारारोडकर: सातारा रोडला हे चालत नाही. बीआरटीचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, शेअर रिक्षा डाव्या कडेने येते. थांब्यावर उभे राहिलात तर ती समोरून निघून जाईल. कडेला, चौक ओलांडून थोडं पुढे उभे राहा. सिग्नलवर ती थांबली तरी मागून हॉर्न सुरू होतात, बसायला धड वेळ मिळत नाही.

अनघा के.: माझ्या मोबाईलच्या ॲपमध्ये शेअरिंगचा पर्याय दिसतच नाही. कुठे असतो?

सातारारोडकर: ताई, ही ॲपवाली नाही. "कात्रज, कात्रज, एक सीट!" अशी हाक येते ना, ती.

आईबरोबर_प्रवास: आईचे गुडघे दुखतात. मागे मधल्या सीटवर बसवलं की उतरताना आधी एकाला उतरावं लागतं, तोवर मागच्या गाड्या ओरडतात. मी आता तिला डाव्या कडेलाच बसवते. तिथे जागा नसेल तर रिक्षा सोडते.

गौरव: सुरुवातीलाच "एक सीट" म्हणा. नुसतं "कात्रज" म्हटलं आणि रिक्षा रिकामी असली तर तो स्पेशल समजतो. मीटरचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये, पुढे किलोमीटरला 17. स्वारगेट ते कात्रज साधारण साडेपाच किलोमीटर, म्हणजे नव्वदीच्या पुढे. उतरताना हाच वाद होतो. आणि सुटे हातात ठेवा.

निनाद_प: चौथी सीट ड्रायव्हरशेजारी घेतात, ती घ्यायची का?

गौरव: परवाना 3 प्रवाशांचा असतो. मी बसत नाही.

सातारारोडकर: संध्याकाळी गर्दीत बसणारे बसतात. मीही बसलोय, पण तिथे पाय बाहेर राहतो, ते काही मला पटत नाही.

आईबरोबर_प्रवास: कात्रजहून स्वारगेटला येताना पुलाचं काय? बालाजीनगरला खालून कुठे उभं राहिलं की मिळते?