प्रतिसाद: ब्रँड, विभाग आणि कंपनी यांचा तक्ता

> "ब्रँड → विभाग → कायदेशीर कंपनी अशी सरळ उतरंड केली, पण काही ब्रँड दोन ठिकाणी येतात. काय करावं?"

उतरंड सोडून द्या. विभाग आणि कंपनी हे एकमेकांच्या खाली-वर नसतातच. विभाग ही हिशेब मांडण्याची सोय, तर करार, कर आणि खटले कंपनीच्या नावावर.

गूगलची मालक असलेल्या अल्फाबेटचंच घ्या. वार्षिक अहवालात जीमेल 'गूगल सर्व्हिसेस'मध्ये दिसतं आणि वर्कस्पेस, म्हणजे ऑफिसांना विकलं जाणारं, जीमेलसह येणारं पॅकेज, 'गूगल क्लाउड'मध्ये. म्हणजे मोफत खात्यातलं जीमेल एका विभागात, ऑफिसने पैसे भरून घेतलेलं तेच जीमेल दुसऱ्यात! आता कंपनी बघा. अमेरिकेत दोन्हींचा करार गूगल एलएलसीशी होतो. युरोपीय संघात मात्र वैयक्तिक खातं गूगल आयर्लंड लिमिटेडकडे जातं, वर्कस्पेस अनेक देशांत गूगल क्लाउड ईएमईए लिमिटेडकडे. 'गूगल सर्व्हिसेस' नावाची कंपनी शोधत बसलात तर वेळ फुकट जाईल, कारण ते अहवालातलं एक शीर्षक आहे.

म्हणून प्रत्येक ओळीत ब्रँड, ग्राहकाचा प्रकार, देश आणि तारीख ठेवा, आणि विभाग व कंपनी असे दोन स्वतंत्र रकाने करा. विभाग वार्षिक अहवालातून भरायचा, कंपनी त्या देशातल्या सेवाशर्तींमधून. ट्रेडमार्कच्या मालकाचं नाव करार करणाऱ्या कंपनीच्या रकान्यात टाकू नका, ते वेगळं असू शकतं. अहवालाला जोडलेल्या उपकंपन्यांच्या यादीवरही विसंबू नका. अमेरिकी नियमांनुसार किरकोळ उपकंपन्या तिथून वगळता येतात.