मदत हवी आहे: ब्लॅकजॅकमध्ये केलीनुसार पैज 100 डॉलर की 77?

पैलतीर
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो. इथे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या निकालामुळे अटलांटिक सिटीचे कॅसिनो पत्ते मोजणाऱ्याला निव्वळ मोजतो म्हणून बाहेर काढू शकत नाहीत. हाय-लो मोजणी आता हातात बसली आहे. टेबलावर जाण्याआधी पैजेचा आकार पक्का करायचा आहे.

भांडवल 10,000 डॉलर. सहा जोडांचा खेळ, ब्लॅकजॅकला 3:2. ट्रू काउंट, म्हणजे मोजणी भागिले उरलेले जोड, +3 झाला की माझ्या बाजूने साधारण 1% फायदा असतो. केलीचं सूत्र भांडवल सर्वात वेगाने वाढवणारी पैज सांगतं; ते जिंकण्याची शक्यता वजा हरण्याची, f = p − q, धरलं तर भांडवलाचा 1%, म्हणजे 100 डॉलर. माझा एक मित्र 77 म्हणतो.

मी फक्त +3 चे हात घेऊन, दर हाताला उरलेल्या रकमेचा 1% लावत संगणकावर लाखभर हात खेळवले. असं पुन्हा पुन्हा केलं, तर दहातल्या सातेक वेळा भांडवल कधीतरी निम्म्यावर येतं. पुढे वाढतं, पण हे प्रमाण बरोबर आहे का? की कोड तपासू?

इस्पिकएक्का
कोड बरोबर असणार. केलीत दिवाळं निघत नाही, कारण तुम्ही नेहमी उरलेल्याचा टक्काच लावता. 100 च लावा. थोडं जास्त लावलं तर चढउतार वाढतील, पण पैसाही तितकाच भरभर वाढेल.

रेघोट्या
शेवटचं वाक्य पटलं नाही. मित्राचे 77 बरोबर आहेत.

p − q हे सूत्र एक डॉलर लावून एकच जिंकायचा किंवा हरायचा असेल तिथलं. ब्लॅकजॅकमध्ये डबल आहे, स्प्लिट आहे, दीडपट मिळणारा ब्लॅकजॅक आहे. त्यामुळे एका डॉलरमागचा व्हेरियन्स, म्हणजे चढउताराचं माप, 1 नसून साधारण 1.3 असतो. पैज म्हणजे फायदा भागिले व्हेरियन्स: 0.01 ला 1.3 ने भागा, 0.77% येतं. म्हणजे 100 लावताना पैलतीर केलीच्या 1.3 पट लावत आहेत.

आता गंमत बघा. केलीच्या 1.3 पट लावा किंवा 0.7 पट, भांडवल वाढण्याचा वेग दोन्हीकडे सारखाच, कमाल वेगाच्या 91%. पण कधी ना कधी निम्म्यावर येण्याची शक्यता 1.3 पटीला 69% आणि 0.7 पटीला 28%. पूर्ण केलीला ती बरोबर 50%. तुमचं दहात सात अगदी जुळतंय, कोड नीट आहे. आणि दुप्पट केलीवर वाढ थेट शून्य होते, त्यामुळे जास्त लावलं की जास्त वाढतं हे खरं नाही.

नाशिकचा_बाळू
आमच्याकडे दिवाळीत तीन पत्ती रंगते. मी बहुतेक वर्षी जिंकतोच. मला किती टक्के लावता येतील?

रेघोट्या
बाळूभाऊ, तिथे फायदा समोरच्यांच्या खेळावर ठरतो आणि तो मोजलेला नाही. मोजलेला आकडा नसेल तर या सूत्रात घालायला काहीच नाही.

मावशी_एडिसन
मी काही वर्षं मोजून खेळले आहे, म्हणून सांगते. 77 सुद्धा कागदावरचेच. तो 1% मोजणीत एकही चूक नाही असं धरून आहे. दमल्यावर खरा फायदा अर्ध्यावर आला आणि पैज तीच ठेवली, तर तुम्ही दुप्पट केली लावताय, आणि त्याचं काय होतं ते वर आलंच आहे. शिवाय फक्त +3 चे हात मिळत नाहीत. वाईट काउंटलाही टेबलाची किमान पैज भरत बसावं लागतं, आणि ती तुमच्या कोडमध्ये नाही. कॅसिनो तुम्हाला बाहेर काढत नसला तरी पत्ते लवकर पिसून घेतो, मग चांगला काउंट हाती लागेपर्यंत शू संपलेला असतो. आणि 6:5 वाल्या टेबलावर बसूच नका, तिथे 1.4% च्या आसपास जातात, म्हणजे +3 लाही तुम्ही तोट्यात.

मी अर्धी केली लावते, तुमच्या हिशेबाने 40 डॉलरच्या आत. वाढ तीन चतुर्थांश मिळते आणि निम्म्यावर येण्याची शक्यता आठात एक.

इस्पिकएक्का
दुप्पटला वाढ शून्य हे नवीन कळलं, आकडेमोड करून बघितली, पटलं. पण मावशी, पैलतीरांना पगार आहे. 10,000 गेले तर ते पुन्हा भरू शकतात. मग खरं भांडवल मोठं नाही का? पूर्ण केलीच काय, त्याहून जास्तही चालेल.

मावशी_एडिसन
पुन्हा भरायचे पैसे आजच ठरवून बाजूला काढले असतील तरच. हरल्यावर ठरवायचे पैसे मी भांडवलात धरत नाही.

रेघोट्या
इथे मी इस्पिकएक्का यांच्याकडे थोडा झुकतो. दर महिन्याला नक्की येणारी रक्कम हिशेबात घ्यावीच लागेल, किती ते मात्र मला नेमकं सांगता येत नाही.

पैलतीर
सर्वांचे आभार. 40 ने सुरुवात करतो आणि कोडमध्ये वाईट काउंटचे हात घालून बघतो. एक राहिलंच: +3 ला दोन जागांवर खेळलो तर दोन्हीकडे 40-40 लावायचे का?

रेघोट्या
नाही, दोन्ही हात एकाच डीलरविरुद्ध असल्याने बऱ्याचदा एकत्र हरतात. प्रत्येकी पाऊण, म्हणजे 30-30 लावा.