विहिरीच्या दोराबद्दल (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

सुजाता: शेतातल्या विहिरीचा तागाचा दोर काल तुटला. पोहरा गळाने काढला, पण आता नवा दोर घ्यायचाय. पाणी ६० फुटांवर आहे, उन्हाळ्यात ७५ पर्यंत जातं. पोहरा १० लिटरचा. नायलॉन, पॉलिएस्टर, ताग की काथ्या? नानाकाका, तुम्हीच सांगा.

प्रसाद: नायलॉन घे ताई. सगळ्यात मजबूत तोच.

नानाकाका: सुजाता, आधी सांग, दोर तुटला कुठे? कप्पीजवळ की पोहऱ्याजवळ?

सुजाता: पोहऱ्यापासून हातभर वर. वरचा दोर तर अजून चांगला दिसतोय.

नानाकाका: मग तो कुजून तुटला. वरचा भाग दोन पोहऱ्यांच्या मध्ये वाळतो, खालचा मात्र सतत ओला राहतो. तागाला ओल लागली की बुरशी आतून धरते, बाहेरून कळत नाही. तुटलेल्या टोकाजवळचा पीळ उलटा फिरवून पदर मोकळे कर आणि आत बघ.

सुजाता: बघितलं. आतले धागे काळपट आहेत, कोंदट वास येतोय. नखाने ओढले तरी तुटतात.

नानाकाका: झालं तर. ताग यादीतून काढून टाक. कोरड्या कामाला तो उत्तम, विहिरीला नाही.

आक्का: आमच्या माहेरी काथ्याचाच दोर असायचा हो. पाण्यात कधी कुजला नाही.

नानाकाका: बरोबर आहे आक्का, काथ्या ओल तागापेक्षा कितीतरी जास्त सोसतो आणि ओल्या हातातून निसटत नाही. पण त्याची ताकद कमी, म्हणून दोर जाड घ्यावा लागतो. जाड दोर पाणी पितो आणि मग ६०-७० फूट ओला काथ्या पोहऱ्याबरोबर वर ओढायचा. उथळ आडाला ठीक होतं. शिवाय हाताला कुसळं लागतात ती वेगळीच.

प्रसाद: म्हणजे शेवटी नायलॉनच ना?

नानाकाका: थांब रे. हिशेब कर. पाणी १० किलो, लोखंडी पोहरा दीड-दोन किलो, १२ मिलिमीटरचा ७५ फूट दोर दोन-अडीच किलो. सगळं मिळून १५ किलोच्या आत. हिसका बसला तर दुप्पट-तिप्पट धर. १२ मिलिमीटरचा नवा पॉलिएस्टर दोर दोन टनांच्या आसपास तुटतो, नायलॉन त्याहून थोडा वरच. गाठीने ताकद निम्मी झाली तरी उरते ती भरपूर. ताकदीसाठी ६ मिलिमीटरही पुरेल, पण तो तळहातात रुततो. इथे जाडी पकडीसाठी घ्यायची.

सुजाता: मग नायलॉन आणि पॉलिएस्टरमध्ये फरक काय पडतो?

नानाकाका: नायलॉन पाणी शोषतो, ओला झाला की दहा-पंधरा टक्के ताकद घटते, आणि तो ताणतोही जास्त. एवढ्या वजनाला तो ताण फार नाही, ताकदीचाही प्रश्न नाही. पण विहिरीवरचा दोर दिवसभर उन्हात आणि कप्पीवर घासत असतो. ऊन आणि ओल्या अवस्थेतली घासण, दोन्हीत पॉलिएस्टर सरस. भिजला तरी त्याची ताकद जवळजवळ तेवढीच राहते.

गुळगुळीत चमकदार दोर मात्र घेऊ नकोस, ओल्या हातातून सुटतो. सुतासारखा मंद, किंचित खरबरीत लागणारा मिळतो, त्याला स्पन पॉलिएस्टर म्हणतात. तो माग.

वहिनी: दुकानात तर पिवळ्या-निळ्या दोराला सरसकट नायलॉन म्हणतात.

नानाकाका: ते फार महत्त्वाचं बोललीस. त्यातला बराचसा पॉलिप्रॉपिलीन असतो. वीतभर तुकडा पाण्यात दाबून, बुडबुडे काढून सोड. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीन उन्हात लवकर खराब होतो. वरून भुकटी सुटायला लागली, धाग्यांची टोकं हाताला टोचायला लागली की बदलायचा.

सुजाता: लांबी ७५ फूट घेऊ?

नानाकाका: नाही, १०० घे. उन्हाळ्यातले ७५, पोहरा बुडायला दोन-तीन, कप्पीवरून हातापर्यंत आठ-दहा, वरचं टोक खांबाला बांधायला आणि दोन गाठींना मिळून पाच-सहा. उरलेला दोर वाया जात नाही. पोहऱ्याच्या कडीत घासलेलं टोक अधूनमधून कापून टाकायचं असतं, आणि वर्षाने दोर उलटा करून वरचं टोक खाली घ्यायचं.

कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवून घे, पीळ सुटणार नाही. कडीत थेट गाठ मारू नकोस, दोराच्या फासात लोखंडी थिंबल बसव, म्हणजे दोर कडीत घासू नये म्हणून फासाच्या आतून बसणारी खोबणीची कडी.

प्रसाद: कप्पी जुनीच चालेल का?

नानाकाका: खाच बघ. जुन्या दोराने ती झिजून धारदार झाली असेल तर कुठलाही नवा दोर कापला जाईल. खाच दोरापेक्षा जरा रुंद हवी, आणि १२ मिलिमीटरला चाक १०० मिलिमीटरच्या पुढचं बरं.

सुजाता: खाचेत बोट फिरवलं, एका बाजूला कड लागतेय.

नानाकाका: मग दोराआधी कप्पी बदल.

सुजाता: ठीक. कप्पी नवी, १२ मिलिमीटरचा स्पन पॉलिएस्टर १०० फूट आणि एक थिंबल. प्रसाद, उद्या येताना घेऊन ये.

प्रसाद: आणतो ताई. दुकानातच तुकडा पाण्यात टाकून बघतो.